सोजराबाईचा खरा जबाब

सोजराबाईच्या मनगटावर बांगडी चढवता चढवता बिस्मिल्लाचाची एकदम हसली.

"कडूबानं निरोप देल्ला. म्हनते, तुह्या टोपलीले माह्या गाडीत मागं जागा हाय, अन् तुले पुढं, माह्याजोळ. तू बसली तर बैलंबी मुद्दाम हळू चालतीन."

चिखलीच्या भरल्या बाजारात, भाजीच्या टोपलीमागं बसलेली सोजराबाई खळखळून हसली. मग तिनं पदर तोंडावर धरला. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेल्यापासून तिची थट्टा कोणी केली नव्हती. कडूबा उंद्रीचा गाडीवान, कापूस घेऊन चिखलीला यायचा. त्याचीही बायको त्याच साथीत गेली होती. विधवेनं पाट लावायला, दुसरं लग्न करायला, जातीत कोणाची ना नव्हती.

"काय सांगू त्याले?"

"सांग, मले राग आला."

"आला का?"

सोजराबाई वांगी उगाच खालीवर करत राहिली. थट्टेला थट्टेनं उत्तर दिलं असतं, तर उद्या तो तिच्या भावाच्या दारात मागणी घालायला येऊन उभा राहिला असता.

"सांग, मी हासली. लय दिवसानं हासली, बरं वाटलं. पन ते त्याच्यामुळं, का कोनी बोललं म्हनून, हे मले अजून समजलं नाही. आता हो म्हनली तर खोटं होईन, नाही म्हनली तरी खोटंच. माह्यासाठी त्यानं थांबू नाही. बोलाचं असन तर पुढच्या बाजारी समोर येऊन बोलावं. मी तोंड फिरवनार नाही."

चाचीकडून तिनं ते सगळं पुन्हा म्हणवून घेतलं. चाचीनं 'थांबू नाही' गाळलं, तेव्हा तिनं तेही घालायला लावलं.

पुढच्या बाजारी कडूबा आला. टोपलीपुढं उकिडवा बसला. वांगी चाचपू लागला.

"माही जानेफळची सोयरीक जमली," तो म्हणाला. "परवा सुपारी फुटली."

"बरं झालं."

"तू नाही म्हनली असती, तर मनवाले आलो असतो. हो म्हनली असती, तर गाडीच आनली असती. तू खरं बोलली. त्याच्यावर काय बोलावं, मले सुचलंच नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं वांगी घेतली. तिनं पारडं नेहमीसारखं त्याच्या बाजूनं झुकतं ठेवलं. तो गर्दीत गेला.

पलीकडून चाची सरकत जवळ आली.

"मी काही कमी-जास्त सांगितलं का गं?"

"नाही. जसंच्या तसं सांगितलं तू."

"मंग आता तरी समजलं का, तुह्या मनात काय हाय ते?"

सोजराबाईनं सुकत चाललेल्या मेथीवर पाणी शिंपडलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

आता ते समजलं काय अन् न समजलं काय, विचारायला कोणी येणार नव्हतं.