दोन तोंडांची केबल

ग्रंथालयाच्या सचिवांच्या पत्राला मी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. 'तुम्ही चुकीचा स्विच घ्यायला लावलात, लेखी माफी मागा,' असं त्यात होतं. एकच मॉनिटर आणि कीबोर्ड दोन कॉम्प्युटरना पुरावेत म्हणून तो स्विच मीच निवडला होता. चूक माझीच असेल, असं वाटत राहिलं.

काल शेवटी ग्रंथालयात जाऊन टेबलाखाली वाकलो. दुसऱ्या कॉम्प्युटरचं चित्र दिसत होतं, पण कीबोर्ड ढिम्म.

"आजोबा, कंबर सांभाळा!" सचिव हसले.

"ही केबल कोणी लावली?"

"मीच. जुनी आखूड पडत होती. ही मॉनिटरची, चपखल बसली की!"

"बसली, पण ती फक्त चित्र नेते. या स्विचच्या त्याच पोर्टातून कीबोर्ड आणि माउसही जातात. म्हणून त्याच्या खास केबलला कॉम्प्युटरकडे दोन तोंडं असतात, एक चित्राचं, एक यूएसबीचं."

कॉम्प्युटर जवळ सरकवून जुनी केबल लावली. अक्षरं उमटली.

"बरं, ते पत्र विसरा आता."

"छे, उत्तर राहिलंय ना!"

घरी येऊन लिहिलं, 'स्विच बरोबर आहे. माफी मागणार नाही.' आणि पत्र पेटीत टाकलं.