आधी ऊ, मग ओ

मी शिकवते त्या प्रौढांच्या मराठी वर्गाच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, ऊ आणि ओचा सराव स्वतः तयार केला, आणि तोही रंगीत. पडद्यावर डावीकडे निळ्या चौकटीत ऊचा शब्द, उजवीकडे लाल चौकटीत ओचा. भूक-भोक. पूर-पोर. आधी डावा, मग उजवा, आणि सगळं साहेबांच्याच खर्जात. वर्गाने मागोमाग म्हणायचं, साहेबांनी डोळे मिटून मान डोलवायची. जणू मैफलच.

आमचे विद्यार्थी कामासाठी दुसऱ्या देशातून आलेले. त्यांच्या भाषेत हे दोन स्वर एकच. त्यात वाफताई. इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर वाफेत उभी असते, म्हणून हे नाव, आणि तिनं ते हसून घेतलेलं. वाफेनं तिचा खोकला काही जात नव्हता. वॉर्डात मदतनीस म्हणून जायचं, तर आधी तोंडी परीक्षा होती: नर्स फोनवर बोलणार, हिनं ऐकून तेच परत सांगायचं. नापास झाली की पुन्हा वाफेत.

"मूठ आणि मोट कशाला घातलंय, सर?" मी विचारलं. "शेवटचं अक्षरच वेगळं आहे. स्वर न ऐकताही ओळखता येतं."

"बारीकसारीक गोष्टींत अडकू नका हो बाई."

"आणि मोट म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं तर!"

वाक्यं तर आणखी थोर. 'पूर आला', 'पोर आली'. क्रियापदच चहाडी करतंय, स्वराकडे कोण बघतो! पण चाचणीत शब्द ऐकून सगळ्यांनी अचूक रंगाची कार्डं वर केली. निळं, लाल, निळं, लाल. साहेब हरखले. "बघा! याला म्हणतात पद्धत."

मी वही तोंडापुढे धरली, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि एका सुरात म्हटलं, "भोक. भोक."

वर्गाने दिमाखात आधी निळं कार्ड वर केलं, मग लाल.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही फसवलंत त्यांना!"

"मी नाही, क्रमानं फसवलं. ते स्वर नाही, पाळी शिकलेत. फोनवर पाळी नसते, सर."

वाफताईनं कार्डं मांडीवर ठेवली. "मी म्हणजे काहीच नाही शिकलं?" तिनं विचारलं. हा प्रश्न साहेबांना होता. साहेब पडद्याची वायर गुंडाळण्यात गढून गेले.

मग मी घरी नवा सराव करायला बसले, लेक मांडीवर झोपलेली, एक हात तिच्या डोक्याखाली अडकलेला. थोड्याच जोड्या ठेवल्या, ओळखीच्या शब्दांच्या, चित्र काढता येईल अशा: भूक-भोक, पूर-पोर, दूर-दोर. वाक्य असं, की दोन्ही शब्द चालावेत: 'पूर बघ', 'पोर बघ'. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, कधी एकच शब्द लागोपाठ. आवाज माझा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचा.

"भूक, भोक, भोक..." सासूबाई फोनमध्ये बोलता बोलता थांबल्या. "अगं, हे शिकवणं आहे की वेड लागल्यावरची बडबड?"

"आई, तुमचा आवाज लागतोय. साहेबांच्या आवाजाची सवय मोडायचीय."

"मग दणकून म्हणते," त्या म्हणाल्या आणि खरंच दणकून म्हणाल्या.

वर्गात आधी नुसतं ऐकायचं: दोन शब्द एकच की वेगळे? मग चित्राला बोट. तोंड उघडायचं ते शेवटी, जोडीदारासमोर. त्यानं चुकीचं चित्र दाखवलं, तर म्हणणाऱ्यानं पुन्हा म्हणायचं. वाफताईचा दोर सारखा दूर जायचा. मी तिचा हात तिच्या हनुवटीखाली ठेवला. "ओ म्हणताना जबडा खाली येतो. ऊला ओठ आवळतात, जबडा वर राहतो. हाताला कळतंय?"

"कळतंय. कान अजून मठ्ठ आहे."

"कान माणसासारखाच. रोज थोडं बोललं की ऐकतो."

साहेब दारातून डोकावले. "रंग नाहीत? असं रूक्ष चालणार नाही हो." आणि गेले. वर्गातल्या कोणीच वळून बघितलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी लेकीला कडेवर घेऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी. वाफताई बाहेर आली ती हनुवटीखाली हात धरूनच.

"एक चुकलं," ती म्हणाली. "पण म्हटल्या म्हटल्या मला कळलं, चुकलं. मी म्हटलं, थांबा सिस्टर, पुन्हा सांगते. आणि बरोबर सांगितलं."

"मग?"

"सोमवारपासून वॉर्ड." आणि ती खोकत खोकत हसली.

साहेबांना सांगितलं, तेव्हा ते फायलीत डोकं घालून होते.

"एक चुकलं?" ते म्हणाले. "माझ्या सरावात एकही चुकत नव्हतं."