मालनबाईंचं शांत तळं

नवेगावबांधच्या गर्दीला कंटाळलेल्या पर्यटकांना प्रफुल्ल एखाद्या निवांत तलावावर परदेशी बदकं दाखवायला न्यायचा. मागल्या हिवाळ्यात त्याने करडी गावच्या मासेमार मालनबाईंना गोड बोलून तिथला तलाव पाहून घेतला. "काकू, कोणाले सांगत नाही," म्हणाला, आणि परत जाताच मोबाइलवर ठिकाण टाकून मोकळा झाला. तलावाच्या पाळीवर, बांधावरच, गाड्यांची रीघ लागली. बदकं उडाली. चाकांखाली येऊन मालनबाईंच्या वाळत घातलेल्या जाळ्यांच्या चिंध्या झाल्या.

यंदा तो पुन्हा दारात उभा राहिला. "काकू, दुसरा शांत तलाव सांगा न. नागपूरचे मोठे लोक येऊन राहिले."

"माझ्या माहेरचा आहे, आंबागडाखाली. बदकांनी भरून राहते. बुधवारी पहाटेच जाजो बापू."

बदकांचं खरं होतं. बुधवारी तिथली मासेमारी ठरली होती, तेवढं मात्र त्यांनी पोटात ठेवलं.

बुधवारी प्रफुल्लची गाडी पोचली, तेव्हा अख्खा गाव आरडाओरडा करत पाण्यात जाळी ओढत होता. कंबरभर पाण्यात मालनबाईही होत्या. दुर्बिणी गळ्यात घातलेले पाहुणे पैसे परत मागू लागले.

"काकू, बदकं कुठं गेली?"

"गर्दी झाली न बापू," मालनबाई जाळं न सोडता म्हणाल्या, "दुसरी शांत जागा पाहाले गेली."