शंभरातला एक

गोड बोलण्यात सुनंदाबाईंचा हात धरणारं जळगावात कोणी नव्हतं. डॉक्टर नेहेत्यांच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं सिस्टर होत्या. पेशंट टेबलावर घ्यायच्या आधी त्याच्याशी वाईट शब्द बोलायचा नाही, हा त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता. टाके घालायचे असले की त्या म्हणायच्या, "थोडं शिवणकाम आहे." पेशंट हसायचा आणि डॉक्टरांचं काम सोपं व्हायचं.

म्हणूनच शहाण्णव साली डॉक्टरांनी त्यांच्यापुढे एक इंग्रजी कागद ठेवला, तेव्हा त्यांना वाटलं, हे आपल्या डाव्या हातचं काम. डॉक्टर मंडळी ग्राहक कायद्यात आल्यापासून संमतीपत्राला भाव आला होता. आजवर तीन ओळींवर भागायचं : ऑपरेशनला माझी हरकत नाही, बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत, खाली पेशंटची सही आणि समजावून सांगितल्याची सिस्टरची. आता प्रत्येक ऑपरेशनचा वेगळा कागद हवा होता, आणि तोही खेड्यातल्या माणसाला कळेल अशा मराठीत. पहिला कागद होता मानेवरची चरबीची गाठ काढण्याचा.

सुनंदाबाईंनी दोन दुपारी बसून तो मराठीत केला. डॉक्टरांनी वाचला आणि लाल पेन उघडलं.

"इंग्रजीत काय आहे? खांद्याकडे जाणाऱ्या नसेला इजा होऊ शकते, सुमारे शंभरात एकाला. हात डोक्याच्या वर नेता येणार नाही, आणि हे कायमचं राहू शकतं. तुम्ही काय लिहिलंत? क्वचित काही दिवस खांदा जड वाटेल."

"घाबरतात हो माणसं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"घाबरू देत की. बाई, तुम्ही भाषांतर नाही केलं, सांत्वन केलंत. आणि क्वचित म्हणजे किती, ते वॉर्डात विचारून या."

त्या तरातरा वॉर्डात गेल्या आणि तशाच परत आल्या. एक जण म्हणाला होता, क्वचित म्हणजे होतच नाही. दुसरा म्हणाला, लाखात एक. तिसऱ्याने बोटं मोजून दहात एक सांगितलं होतं. सुनंदाबाईंनी मुकाट्याने 'क्वचित' खोडलं आणि आकडा घातला. 'जंतुसंसर्ग' काढून 'जखमेत पू होणे, शंभरात दोघांना' असं लिहिलं. 'कायमचं' हा शब्द मात्र त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिला. गाठ नाही काढली तर काय होईल, तेही लिहिलं : हळूहळू वाढू शकते, पण लगेच धोका नाही. सगळं दोनदा इंग्रजीशी ताडून पाहिलं. आता नाव ठेवायला जागा नाही, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात भडगावकडचा लोटन आला, बायको सुंदरबाईला घेऊन. केळीच्या कापणीवर मजूर होता तो. बागेतून घड खांद्यावर घ्यायचा आणि बांधावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा. उजव्या बाजूला मानेवर लिंबाएवढी गाठ होती आणि घड तिथेच घासायचा. डॉक्टर म्हणाले, "कागद वाचून दाखवा. मग त्याला काय कळलं, ते त्याच्याच तोंडून ऐका. तो चुकला तर चूक कागदाची धरायची."

सुनंदाबाईंनी सावकाश वाचलं. लोटन चौथी शिकलेला होता, तोही बोट ठेवून बरोबर वाचत होता. शंभरातल्या एकापाशी त्याचं बोट थांबलं.

"बाई, तो एक जन व्हई गया का?"

डॉक्टर खरं बोलणारे. ते म्हणाले, "अशा साठेक गाठी काढल्या मी. एकाचा खांदा अधू झाला, चार वर्षांपूर्वी."

लोटनचा चेहरा उजळला. "मंग काय भ्याव शे? तेन्हा नंबर तेन्हाच संगे गया. आते चाळीस जनले घोर नही." सुंदरबाईने सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाली, "करी टाका मंग सही." लोटनने पेनसाठी हात पुढे केला.

सुनंदाबाईंच्या हातात पेन होतं. माणूस खुशीत होता, त्याची बायको खुशीत होती, कागदावरचा प्रत्येक शब्द खरा होता. बावीस वर्षं त्यांना हेच तर हवं असायचं. पण त्याचा तो खांदा समोर दिसत होता, घट्टे पडलेला. त्यांना एकदम भीती वाटली. हा माणूस भलत्याच कागदावर सही करायला निघाला होता.

"थांबा लोटनभाऊ," त्या म्हणाल्या. "इथे पाळी नसते. मागच्याचा खांदा गेला म्हणून तुमचा वाचला, असं नाही. दर माणसाला धोका तेवढाच. उद्या आणखी एकाचा जाऊ शकतो, तो कोण ते आधी कोणालाच सांगता येत नाही."

लोटनने हात मागे घेतला. सुंदरबाई पदराशी चाळा करू लागली.

"हात वर नही गया त घड कशा उचलू?" लोटनने विचारलं.

"नाही उचलता येणार," सुनंदाबाई म्हणाल्या. इतकं कडू वाक्य त्यांनी पेशंटपुढे कधी उच्चारलं नव्हतं.

लोटन उठला. "गाठ थांबस ना? मंग आधी डावा खांदावर घड लेवाले शिकसू. मंग येसू." आणि दोघं बसस्टँडकडे निघून गेली.

सुनंदाबाईंनी कागदावर ओळ वाढवली : 'पूर्वी कोणाला त्रास झाला किंवा झाला नाही, त्यामुळे तुमचा धोका कमी-जास्त होत नाही.' डॉक्टरांनी लाल पेन उघडलंच नाही. पण बाईंना चैन पडेना. तुमच्या मराठीने पेशंट पळवला, असं स्वतःलाच टोमणे मारत त्या दोन महिने वावरल्या.

दोन महिन्यांनी लोटन दारात उभा. त्याने सदरा सरकवून आधी डावा खांदा दाखवला. तिथे नवे, लालसर घट्टे होते. सुंदरबाई हसत म्हणाली, "पह्यला आठ दिन बठ्ठा घड पाडी टाकात. मुकादम गाया देत व्हता."

सुनंदाबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "आता तुम्ही सांगा."

"गाठनी जागा सुन्न करतीन. जखममा पू व्हई शकस, शंभरमा दोन जनले. खांदानी नस बिघडी शकस, शंभरमा एकले. मंग हात वर जावाव नही, जलमभर बी. नही काढी तरी चाली, पन वाढी." तो थांबला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "आनि तो एक जन मी बी राही शकस."

मग त्याने शांतपणे सही केली. कागद सुनंदाबाईंकडे सरकवला आणि खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं : 'वरील माहिती रुग्णास समजावून सांगितली.' "आठे तुम्हनी सही शे ना?"

हजारो कागदांवर सुनंदाबाईंनी तिथे सही केली होती, न वाचता, चालता चालता. आज त्या खुर्ची ओढून बसल्या, डोळे पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं.