मुख्य कारण

ड्रायर खात्यातली, म्हणजे पावडर सुकवणारी माणसं नोकरी का सोडून जातात, याचा सारांश आमच्या मॅनेजर महेंद्र सरांना हवा होता. आनंदनगरच्या आमच्या केमिकल कंपनीत राजीनामा देणाऱ्यांच्या मुलाखती मीच घेते. चौदापैकी नऊ जणांपुढे मी कारण लिहिलं होतं, 'घर लांब'. पण त्याच बसने येणारं पॅकिंग खात्यातलं कुणीच सोडत नाही! शंका आली. रेकॉर्डिंगवरून उतरवलेला मजकूर पहिल्यापासून वाचला. नऊही जण आधी खोकल्याबद्दल बोलले होते, पावडरीबद्दल, मागूनही न मिळालेल्या मास्कबद्दल. प्रत्येकाला मी एकाच वाक्याने तोडलं होतं: "ते राहू द्या, मुख्य कारण सांगा."

त्या नऊ जणांतले चामटोलीचे बबनदादा त्यावर बराच वेळ खोकले होते. मग म्हणाले होते, "लिहा मॅडम, घर लांब पडतं."