कुंकवाचा पेन ड्राइव्ह

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतला आणि स्क्रीनवर लाल इशारा उमटला: अनोळखी पेन ड्राइव्ह, बियाणे विभागाचा कॉम्प्युटर, बाहेर कॉपी झालेल्या फाइली चार हजार अठरा. फोल्डरचं नाव ‘पैतृक बियाणे’. कॉम्प्युटर उघडला होता पंजाबराव काकांनी.

चिखलीतल्या आमच्या बियाणे कंपनीचा सगळा जीव त्या पैतृक बियाण्यात, ज्यांच्या संकरातून आमची वाणं तयार होतात त्या मूळ बियाण्यात. त्याची माहिती दुसऱ्या कंपनीला मिळाली तर वीस वर्षांची मेहनत पाण्यात. आणि पंजाबराव काका मार्चअखेर निवृत्त होणार होते.

ज्याच्या-त्याच्या पेन ड्राइव्हवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मीच महिन्यापूर्वी बसवलं होतं. अजून ते नुसतं बघत होतं, अडवत नव्हतं. कंपनीने दिलेल्या ड्राइव्हचे सिरियल नंबर त्याला माहीत होते. हा नंबर त्यांत नव्हता.

मालक कुलदीपसाहेब तापलेच. “आजच कामावरून काढा त्यांना. आणि सगळ्या कॉम्प्युटरची यूएसबी बंद.”

“मला दुपारपर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं.

आधी सगळ्या नोंदी वेगळ्या जपून ठेवल्या, मग काकांकडे गेले. त्यांनी शर्टाच्या खिशातून ड्राइव्ह काढून मी पुढे धरलेल्या कागदी पाकिटात टाकला.

“कंपनीने दिलेला जुना कुठंय, काका?”

त्यांनी टेबलाचा खण उघडला. जुना ड्राइव्ह हळदी-कुंकवाने माखलेला, तोंडात ओल्या कुंकवाचा लगदा.

“खंडेनवमीले पूजा केली ना बाई. माह्यं हत्यार तं हेच. मंग थो यंत्राले लागेचना. त्याच संध्याकाळी बजारातून नवा आणला. काल दसऱ्याची सुट्टी, म्हून कॉम्प्युटरले आज लावला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. लोक विळ्या-कोयत्यांची पूजा करतात. काकांनी पेन ड्राइव्हला आंघोळ घातली होती.

“पण जुन्या फाइली नव्यात कशाला भरल्या?”

“मांगचं असावं ना सोबत. एका दिवसाचाही खाडा नाही त्यात.”

ड्राइव्ह मी नेटला न जोडलेल्या, रिकाम्या कॉम्प्युटरवर तपासला. व्हायरस नव्हता. फाइली उघडल्या, तर आत नुसतं तापमान आणि आर्द्रता, दर पंधरा मिनिटांनी. थंड खोलीतल्या भिंतीवरच्या यंत्राची मोजमापं. त्या यंत्राला नेट नाही, फक्त यूएसबीचं तोंड आहे. आणि चोवीस तासांत माहिती काढली नाही तर ते जुनं पुसून वर नवं लिहितं. वाणांची नावं, संकराची माहिती, एक अक्षरही नव्हतं. तो ड्राइव्ह बाहेर कुठे लागला होता का, हे आमच्या नोंदींना कळत नाही. पण लागला असता तरी चोराला थंडीच मिळाली असती.

मग मी तारखा मोजल्या. अकरा वर्षं, त्यात तीन लीप वर्षं. चार हजार अठरा दिवस, चार हजार अठरा फाइली. लॉकडाउनमधल्याही सगळ्या. गेल्या वर्षी काकांची बायको, रुखमाकाकू वारल्या, त्या दिवसाची फाइल सकाळी सहा दहाला काढलेली. इतकी मोठी गोष्ट आमच्या मागच्या खोलीत रोज होत होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

“काकू गेल्या त्या दिवशीही आलात?” मी विचारलं.

“बियाणं जितं असते बाई. थंडी उतरली तं मरते. तिले माहीत होतं.”

दुपारी साहेबांसमोर मी नोंदी ठेवल्या. नियम मोडला होता, ते मी लपवलं नाही. “पण सरसकट बंदी केली तर उद्या थंड खोली आंधळी होईल,” मी म्हटलं. “सगळ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह बंद, माउस-कीबोर्ड चालू राहतील. सूट एकाच ड्राइव्हला, त्याच्या सिरियल नंबरवर, काकांच्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि तीही फक्त वाचण्यापुरती. माहिती आत येईल, बाहेर काही जाणार नाही. यंत्राला पासवर्डने कुलूपबंद केलेला ड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून हा साधा ठेवू. रोज आधी रिकाम्या कॉम्प्युटरवर तपासू.”

साहेबांनी तारखांची यादी वरून खालपर्यंत वाचली. “ताकीद तोंडीच द्या,” ते म्हणाले, “आणि ती मी देत नाही. माझ्याने होणार नाही.”

संध्याकाळी मी सूट नोंदवायला बसले. मुदत: एकतीस मार्च. जबाबदार व्यक्ती: पंजाबराव. सॉफ्टवेअर पुढचा रकाना दाखवत होतं: मुदतीनंतर कोण?

मी माझं नाव लिहिलं. मग फोनमध्ये सकाळी पावणेसहाचा गजर लावला आणि काकांना सांगितलं, “उद्यापासून मीही येते. शिकवा मला.”

काकांनी कंपनीचा नवा ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला. “याची पूजा?”

“टोपण लावून करा, काका.”