खाती तुमच्या नावावर

नवा ग्राहक फिजिओथेरपिस्ट होता. दोन ठिकाणी दवाखाने, खांदे रुंद, बोलणं सरळ. नानांच्या एजन्सीने त्याची वेबसाइट, सोशल मीडियाचं पेज आणि अपॉइंटमेंटचं कॅलेंडर सांभाळावं असं जवळजवळ ठरलं होतं. चहा संपवून त्याने कप बाजूला सरकवला आणि म्हणाला, "सगळं पटलं. फक्त एक पत्र द्या."

"कसलं?" नानांनी विचारलं.

"उद्या आपलं फाटलं तर माझं काय माझ्याकडे राहणार, याचं. पासवर्ड कोणाचे, पेज कोणाचं, पेशंटच्या वेळा कोणाच्या. मागच्या एजन्सीने माझं पेज ओलीस ठेवलं होतं. मी माझ्याच दाराबाहेर उभा. असल्या लोकांना लाज कशी वाटत नाही हो?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं नानांना वाटलं की हा मुद्दाम आपल्याकडे बघून बोलतोय. तो बिचारा कपाखालची ओली गोल खूण रुमालाने पुसत होता.

"देतो की. त्यात काय," शेजारच्या टेबलावरून नानांची लेक म्हणाली. "आम्ही तसंच काम करतो."

एजन्सी म्हणजे एका शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली मशीन चालू झालं की वर टेबलावरची पेनं हलायची. हे काम उभं केलं ते नानांच्या बायकोने. नाना पूर्वी व्हिजिटिंग कार्डं छापायचे. कार्डं घ्यायला येणारे लोक "आमचं इंटरनेटवर पण काहीतरी करा" म्हणू लागले, तेव्हा बायको शिकली आणि नाना तिच्या मागे पिशवी धरून फिरले. ती लोकांची खाती स्वतःच्याच ईमेलवर आणि स्वतःच्याच फोन नंबरवर उघडायची. त्यात लबाडी नव्हती. ग्राहक पासवर्ड विसरायचे आणि शेवटी तिलाच फोन करायचे. "मग सुरुवातीपासून माझ्याकडेच असू दे, माझा आणि त्यांचा, दोघांचा जीव वाचेल," असं ती म्हणायची. तिचा जीव मात्र काही वाचला नाही. गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि गेली.

फोन राहिला. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, चार्जरला लावलेला. कोणी कुठल्या खात्यात शिरलं की त्यावर सहा आकडी कोड यायचा. नवी अपॉइंटमेंट आली की टिंग वाजायचं. तिनेच निवडलेला आवाज. नाना नंबर चालू ठेवत होते. लेक दुपारी बहुतेक ग्राहकांकडे फिरतीवर असायची; तिला त्यांनी सांगितलं होतं की फोन कोडसाठी लागतो. खरंही होतं ते, पण अर्धंच.

फिजिओ गेल्यावर लेक लगेच पत्र लिहायला बसली. लिहिताना मोठ्याने वाचायची तिला सवय होती.

"ऐका हं बाबा. 'सर्व खाती पहिल्या दिवसापासून तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर उघडली जातील. मालक तुम्ही. आमच्याकडे फक्त काम करण्यापुरती परवानगी राहील, ती तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. अपॉइंटमेंटच्या वेळा, पेशंटची नावं आणि नंबर ही तुमची माहिती आहे. करार संपल्यास पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंटची फाइल आम्ही तुम्हाला देऊ आणि आमच्याकडची प्रत पुसून टाकू. पुढे टाकायला तयार ठेवलेल्या पोस्टसुद्धा तुमच्या हवाली करू.' कसं वाटतंय?"

"चांगलं आहे."

"मग तोंड असं का? सही करा. आईच्या वेळचं जुनं सोडा, पण इथून पुढे तरी हेच. आणि सोडून गेलेल्यांना आपण दिलंच आहे की. डेंटिस्टबाईंचं तुम्ही देऊन आलात ना?"

डेंटिस्टबाईंनी उन्हाळ्यात करार संपवला होता. भांडण नव्हतं, त्यांच्या भाच्याने काम हाती घेतलं होतं. त्यांनी खाती मागितली तेव्हा नाना म्हणाले, तांत्रिक अडचण आहे, पुढच्या आठवड्यात बघू. मग पुन्हा पुढच्या आठवड्यात. शेवटी बाईंनी विचारणं सोडलं आणि भाच्याने नवं कॅलेंडर सुरू केलं. लेकीला नानांनी सांगून टाकलं, दिलं.

"हो," नाना म्हणाले आणि पेन उचललं.

ड्रॉवरमध्ये टिंग झालं.

लेकीने मान वर केली. "हे कोणाचं? बाकी सगळ्यांचे कोड तर सकाळीच येऊन गेले. आणि हा कोडचा आवाज नाही बाबा. अपॉइंटमेंटचा आहे."

"असेल कोणाचं तरी."

"कॅलेंडर आपल्याकडे फक्त डेंटिस्टबाईंचं होतं."

खालचं मशीन थांबलं तसं वर जरा जास्तच शांत झालं. लेक उठली, ड्रॉवर उघडला, आईचा फोन हातात घेतला. कव्हरवरची पिवळी फुलं कडेला घासून पांढरी झाली होती. पासवर्ड तिला ठाऊक होता, तिचीच जन्मतारीख. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. नाना पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"बाबा, लोक अजून इथेच अपॉइंटमेंट घेतायत. बाईंच्या जुन्या वेबसाइटवरचं बटण इथेच जोडलेलं आहे. पार उन्हाळ्यापासून. बाईंना दिसतच नाहीये हे. तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मग?"

नानांना उत्तर ठाऊक होतं, पण ते लेकीसमोर मांडण्यासारखं नव्हतं. टिंग झालं की त्यांना वाटायचं, ती आत काम करतेय. बस, एवढंच. फोन उघडून कोणाचं काय आहे हे त्यांनी कधी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो आवाज पेशंटचा झाला असता. खातं बाईंना दिलं असतं तर आवाजच बंद झाला असता. माणसाने इतका स्वार्थी विचार करावा आणि तोही बायकोच्या नावाने, याची त्यांना तेव्हाही लाज वाटायची. पण लाज वाटायची ती टिंग होऊन गेल्यावर. व्हायच्या आधी ते वाट बघत असायचे.

"इथे गेल्या महिन्यात एकाने लिहिलंय," लेक म्हणाली, "'उजवी खालची दाढ, रात्रभर झोप नाही, लवकर वेळ द्या.' कॅलेंडरने आपोआप वेळ दिलीय, पक्की म्हणून मेसेज गेलाय. आईच्या नावाने." तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "मी जाऊ की तुम्ही?"

"मी जातो."

"आणि हे पत्र?"

"राहू दे तसंच. आल्यावर सही करतो. करू शकलो तर."

दवाखाना दुपारी रिकामा होता. रिसेप्शनच्या मुलीने त्यांना ओळखलं आणि आत सोडलं. डेंटिस्टबाई हातमोजे काढत होत्या.

"या नाना. अडचण सुटली का तांत्रिक?" बाईंच्या आवाजात हसू होतं, पण बोच लपत नव्हती.

"अडचण नव्हतीच, बाई. मीच दिलं नाही." नानांनी फोन टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बटण, वेळा, आवाज. आवाजाचं सांगताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघितलं.

बाईंनी यादी वर सरकवत नेली आणि रात्रभर झोप नसलेल्या त्या नावावर थांबल्या. "यादीबाहेरचं कोणी आलं की आम्ही मध्येच घ्यायचो, विचारलं नाही कधी. पण हे गृहस्थ. हे आले होते. सुट्टीचा दिवस होता, दवाखाना बंद. वेळ पक्की असा मेसेज दाखवत खालच्या वॉचमनशी भांडले म्हणे. मला वाटलं, कोणीतरी चुकून दुसरीकडचा मेसेज दाखवतोय. ते मग दुसरीकडे गेले. तिथे दाढ काढली, नंतर रागावून फोनवर ऐकवलं."

"आणि तुमच्याकडे आले असते तर?"

"मी ती वाचवली असती. अशा दाढेला उपचार असतो. जरा वेळखाऊ असतो, पण असतो." त्या खुर्चीत बसल्या. "जीव गेला नाही कोणाचा, हे मी तुम्हाला समजूत म्हणून सांगत नाही. दाढ पुन्हा येत नाही, नाना."

"हो."

"तुमच्या बायकोने एकदा कॅलेंडर बंद पडलं तर स्वतः बसून पेशंटना फोन केले होते. तिच्या जिवावर मी दोन वर्षं डोळे मिटून होते. आणि तुम्ही तिचाच फोन असा वापरलात."

सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात. इथे डेंटिस्टने टोचले, आणि भूल न देता.

मग दोघं कामाला लागले. आधी नानांनी पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंटची फाइल काढून बाईंना पाठवली, मध्ये काही हरवलं तर असावी म्हणून. मग बाईंच्या ईमेलवर आमंत्रण पाठवलं, बाईंनी ते स्वीकारलं. मग 'मालकी बदला' वर बोट ठेवलं. खात्याने पासवर्ड मागितला, नानांनी दिला. खात्याने कोड मागितला.

फोन वाजला. कोडचा आवाज वेगळा होता, बारीक. नानांनी आकडे टाकले. एक आकडा चुकला, पुन्हा टाकले.

पडद्यावर मालक म्हणून बाईंचं नाव आलं. खाली, साध्या सदस्यांत, नानांच्या बायकोचं नाव आणि तो छोटा गोल फोटो. लेकीच्या कॉलेजात काढलेला, अर्ध्या तोंडावर केस आलेला.

"हे काढायला लागेल," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट थांबलं होतं. "तुम्ही काढता?"

"मला काढता येणार नाही. मालक आता तुम्ही."

बाईंनी काढलं. वेबसाइटचा पासवर्डही बदलून झाला, बटण नव्या कॅलेंडरला जोडलं. रिसेप्शनची मुलगी जुन्या यादीतल्यांना एकेक फोन करू लागली. "माफ करा, चूक आमच्याकडून झाली," असं ती प्रत्येकाला म्हणत होती. ते 'आमच्याकडून' नानांना दारातून बाहेर पडेपर्यंत ऐकू येत राहिलं.

परत आल्यावर त्यांनी पत्राला शेवटी स्वतः दोन ओळी जोडल्या. लेकीने वाचल्या आणि म्हणाली, "हे पाठवलंत तर तो येणार नाही."

"न येऊ दे."

ओळी अशा होत्या: 'एका जुन्या ग्राहकाला आम्ही त्यांची खाती वेळेवर दिली नाहीत आणि त्यात त्यांच्या पेशंटचं नुकसान झालं. चूक माझी होती. त्यांचा नंबर त्यांना विचारून खाली देत आहे. आधी त्यांच्याशी बोला.' नंबर द्यायला बाईंनी फोनवर होकार दिला होता. "खोटं बोलणार नाही हं मी," एवढंच म्हणाल्या होत्या.

फिजिओचा फोन आठवडा उलटल्यावर आला. "बोललो तुमच्या बाईंशी. चांगलं काही बोलल्या नाहीत तुमच्याबद्दल."

"बरोबर आहे."

"पण खातं मिळालं म्हणाल्या. पूर्ण मिळालं, यादीसकट." मग म्हणाला, "पत्रात एक वाढवा. खाती किती दिवसांत देणार, ते नाही लिहिलंय तुम्ही. ते आलं की मी विचार करतो. हो म्हणत नाहीये अजून."

लेकीने मुदतीची अट घातली आणि पत्र पुन्हा छापलं. या वेळी नानांनी सही केली.

ड्रॉवरमध्ये फोन अजून चार्जरला आहे, कारण त्यावर अजून बाकीच्यांची खाती आहेत. लेकीने यादी केली, नाना एकेकाकडे जाऊन देऊन येतात. प्रत्येक वेळी एकदा कोड वाजतो आणि त्या खात्याचा आवाज संपतो. काल शाळेच्या गणवेशवाल्याचं झालं. उद्या चष्मेवाला. नानांनी पिशवीत फोन टाकला, मग काढून चार्ज बघितला, आणि पुन्हा टाकला.